थिनरमधील टोल्युइन : एरिया रेशो अगदी स्थिर येतो आहे, तरी उत्तरावर विश्वास ठेवावा का?

महापेचा_केमिस्ट

नमस्कार मंडळी. मी महापे एमआयडीसीतील एका छोट्या प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीचे काम पाहतो. आमच्याकडे ऑटोसॅम्पलर नाही. १० मायक्रोलिटरच्या सिरिंजने हातानेच १ मायक्रोलिटर इंजेक्शन द्यावे लागते. कॉलम वॅक्सचा, ३० मीटरचा आहे, डिटेक्टर एफआयडी आहे आणि स्प्लिट १:५० ठेवलेला आहे. रंगाच्या थिनरमध्ये टोल्युइन किती आहे, हे मोजून द्यायचे आहे.

टोल्युइनच्या स्टँडर्डची (मिलिलिटरला २.०० मिलिग्रॅम, मिथेनॉलमध्ये) पाच इंजेक्शने दिली, तेव्हा टोल्युइनचा एरिया ४१८२०, ३८४५०, ४४९६०, ४०११० आणि ३६९८० असा आला. आरएसडी ७.७ टक्के निघाला. तो दाखवल्यावर वरिष्ठ काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. मात्र या स्टँडर्डमध्ये मी इंटरनल स्टँडर्ड म्हणून मिलिलिटरला १.०० मिलिग्रॅम इथाइल बेंझीन आधीच घातलेले होते आणि त्याचे एरिया त्याच क्रमाने २०३१०, १८७२०, २१७९०, १९५२० व १७९९० होते. टोल्युइनच्या एरियाला इथाइल बेंझीनच्या एरियाने भागले, तेव्हा पाचही उत्तरे २.०५४ आणि २.०६३ यांच्या दरम्यान आली, म्हणजे आरएसडी ०.२ टक्क्यांवर उतरला. इथपर्यंत आनंदीआनंद होता.

त्यानंतर थिनरचे द्रावण केले (मिलिलिटरला १०.० मिलिग्रॅम थिनर, इथाइल बेंझीन तेवढेच) आणि तीन इंजेक्शने दिली. टोल्युइन व इथाइल बेंझीन यांचे एरिया असे आले:

३९६१० आणि २२४८०
४२७९० आणि २४३९०
३८६५० आणि २१९६०

रेशोवरून हिशेब केला तर तिन्ही वेळा १७.१ टक्के टोल्युइन निघते. इथाइल बेंझीनकडे दुर्लक्ष करून नुसत्या टोल्युइनच्या एरियाची स्टँडर्डच्या सरासरीशी तुलना केली, तर १९.६, २१.१ आणि १९.१ अशी विखुरलेली उत्तरे येतात आणि त्यांची सरासरी १९.९ होते. पुरवठादाराच्या कागदावर २० टक्के लिहिलेले आहे. यातले कोणते उत्तर अहवालात द्यावे?

वागळे_इस्टेट

यात विचार करण्यासारखे काय आहे, हे मला समजले नाही. ज्या पद्धतीचा आरएसडी ०.२ टक्के आहे, तिचे उत्तर ७.७ टक्केवाल्या पद्धतीपेक्षा खरे असणारच. इंटरनल स्टँडर्ड घातले की इंजेक्शनचे आकारमान, द्रावण पातळ करताना झालेली चूक, फ्लास्क खुणेच्या वर-खाली भरला जाणे हे सारे आपोआप दुरुस्त होते. १७.१ टक्के लिहा आणि पुरवठादाराला जाब विचारा. थिनरमध्ये टोल्युइन कमी घालून दुसरे स्वस्त द्रावक भरणे हा प्रकार काही नवीन नाही.

कोपरखैरणे_लॅब

आम्हीही हाताने इंजेक्शन देतो, परंतु आम्हाला एवढा त्रास होत नाही, कारण आम्ही प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर स्टँडर्डचे एकेक इंजेक्शन देतो आणि त्या दोहोंच्या सरासरीशी नमुन्याची तुलना करतो. तुम्ही स्टँडर्ड दिवसातून एकदाच टोचत असाल, तर फरक पडणारच.

महापेचा_केमिस्ट

@कोपरखैरणे_लॅब, बहुधा माझे लिहिणे नीट स्पष्ट झाले नाही. माझे इंटरनल स्टँडर्ड वेगळ्या व्हायलमध्ये नाही, ते नमुन्याच्याच द्रावणात मिसळलेले आहे. आधी आणि नंतर स्टँडर्ड टोचल्याने दिवसभरात यंत्र हळूहळू सरकले असेल, तर ते कळते. परंतु मधल्या नमुन्याच्या वेळी माझ्या हाताने ०.९ गेले की १.१ गेले, हे शेजारच्या इंजेक्शनांना कसे कळणार?

क्यूसी_तुर्भे

आमच्याकडे द्रावकांची शुद्धता एरिया टक्क्यांवरून ठरवतात. त्यातही सर्व पीकची बेरीज १०० धरल्यामुळे इंजेक्शन कमी-जास्त झाल्याचा परिणाम उरत नाही. इंटरनल स्टँडर्डचा एवढा खटाटोप कशासाठी, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

ऐरोलीची_विश्लेषक

आकारमानाचा परिणाम त्यातही निघून जातो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र त्यासाठी नमुन्यातील प्रत्येक घटक कॉलममधून बाहेर आला पाहिजे आणि प्रत्येकाला डिटेक्टरने वजनाच्या सारख्याच प्रमाणात दाद दिली पाहिजे. थिनरमध्ये टोल्युइनबरोबर अ‍ॅसिटोन, ब्युटाइल अ‍ॅसिटेट, अल्कोहोल असे ऑक्सिजनयुक्त द्रावक असतात आणि एफआयडीवर त्यांची वजनामागे दाद टोल्युइनपेक्षा बरीच कमी असते. थोडे पाणी असले तर त्याचे पीकच येत नाही. अशा थिनरमध्ये एरिया टक्क्यांनी टोल्युइन वाजवीपेक्षा जास्त दिसेल. ९९.५ टक्के शुद्ध टोल्युइनच्या पिंपासाठी तुमची पद्धत ठीक आहे, या कामासाठी नाही.

जुना_विश्लेषक

महापेकर, अहवाल आज पाठवू नका. वागळेकरांच्या सल्ल्याने पुरवठादाराला जाब विचारलात, तर तुम्हालाच नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागेल, असे मला वाटते.

आधी हे पाहू की रेशोने नेमके काय होते. इंजेक्शनमध्ये द्रावणाचे जेवढे आकारमान आत गेले, त्याच्या प्रमाणात टोल्युइनचा एरिया असतो आणि त्याच प्रमाणात इथाइल बेंझीनचाही असतो. एकाला दुसऱ्याने भागले की ते आकारमान अंश आणि छेद दोन्हींतून निघून जाते आणि मागे उरते ते फक्त द्रावणातील दोन पदार्थांच्या वजनांचे गुणोत्तर, रिस्पॉन्स फॅक्टरने गुणलेले. तुमच्या स्टँडर्डवरून तो रिस्पॉन्स फॅक्टर २.०५७ भागिले २.००, म्हणजे १.०२९ येतो. टोल्युइन आणि इथाइल बेंझीन यांमधील कार्बनचे प्रमाण जवळजवळ सारखे असल्यामुळे तो एकच्या आसपास असणे स्वाभाविक आहे.

यावरूनच वागळेकरांच्या म्हणण्यातले खरे किती आणि खोटे किती, हे दिसेल. इंटरनल स्टँडर्ड घातल्यानंतर फ्लास्क खुणेच्या थोडा वर भरला, तर काही बिघडत नाही, कारण दोन्ही पदार्थ सारखेच पातळ होतात. परंतु इंटरनल स्टँडर्ड घालताना पिपेटने कमी-जास्त सोडले, किंवा थिनर चुकीचे तोलले, तर ती चूक कोणताही रेशो दुरुस्त करू शकत नाही. उलट हाताने दिलेल्या इंजेक्शनच्या जागी आता ते पिपेट आणि तो तराजू हेच तुमचे खरे मोजमाप झाले आहे. आणि छेदात जे पीक आहे ते संपूर्णपणे तुम्ही घातलेल्या पदार्थाचेच आहे, हे तर रेशोने मुळीच तपासले जात नाही.

आता तुमच्याच आकड्यांकडे पाहा. स्टँडर्डच्या पाच इंजेक्शनांत इथाइल बेंझीनच्या एरियाची सरासरी १९६६६ आहे. नमुन्यात तेवढेच इथाइल बेंझीन घातलेले असताना सरासरी २२९४३ आहे, म्हणजे जवळजवळ १७ टक्के अधिक. तुमच्या हाताने त्या तीन वेळा जास्त द्रव आत गेला असता, तर टोल्युइनही त्याच प्रमाणात वाढले असते. ते वाढलेले नाही. दोन प्रश्न विचारतो. थिनरमध्ये झायलीन आहे का? आणि इंटरनल स्टँडर्ड न घालता नुसते थिनर कधी टोचून पाहिले आहे का?

महापेचा_केमिस्ट

काका, झायलीन आहे, पुरवठादाराच्या कागदावर दहा टक्के लिहिलेले आहे. नुसते थिनर मी टोचलेले नव्हते. वॅक्स कॉलमवर इथाइल बेंझीन पॅरा आणि मेटा झायलीनच्या जरा आधी स्वतंत्र पीक म्हणून येते, त्यामुळे ते वेगळे आहे असे समजून मी निश्चिंत राहिलो.

आत्ता टोचले. मिथेनॉलमधील नुसत्या थिनरमध्ये, इथाइल बेंझीनच्याच रिटेन्शन टाइमला, ३३४० एरियाचे पीक आहे. त्या इंजेक्शनमध्ये टोल्युइनचा एरिया ३९९०० होता.

जुना_विश्लेषक

तेच ते. बाजारात मिळणारे झायलीन म्हणजे तीन झायलीनांचे मिश्रण असते आणि त्यात इथाइल बेंझीन बऱ्याच प्रमाणात, कित्येकदा १५ ते २० टक्क्यांपर्यंत असते. थिनरमध्ये झायलीन दहा टक्के असेल, तर इथाइल बेंझीन दीड-दोन टक्के आलेच. तुमच्या द्रावणात ते मिलिलिटरला सुमारे ०.१७ मिलिग्रॅम भरते. तुम्ही घातलेले १.०० आणि नमुन्यातून आलेले ०.१७ मिळून छेद १.१७ झाला आणि २० टक्क्यांचे १७.१ झाले. तीनही इंजेक्शनांत हीच चूक अगदी त्याच प्रमाणात होती, म्हणून उत्तर तीनदा तेच आले. आरएसडी लहान असणे म्हणजे आकारमानाचा परिणाम निघून गेला, एवढेच त्यातून समजायचे.

तुमच्याकडे आत्ता जे आकडे आहेत, त्यांवरूनही उत्तराचा अंदाज काढता येईल. नुसत्या थिनरमध्ये आगंतुक पीक हे टोल्युइनच्या ०.०८३७ पट आहे (हाही रेशोच आहे, म्हणून ते इंजेक्शन किती आकारमानाचे होते, याने फरक पडत नाही). नमुन्याच्या पहिल्या इंजेक्शनमध्ये टोल्युइन ३९६१० होते, त्याचे ०.०८३७ पट म्हणजे ३३१५. ते २२४८० मधून वजा केले की तुम्ही घातलेल्या इथाइल बेंझीनचा खरा एरिया १९१६५ राहतो. आता रेशो २.०६७ आणि टोल्युइन २०.१ टक्के. बाकीच्या दोघांचे गणित तुम्ही करा.

महापेचा_केमिस्ट

दुसऱ्याचे २०.० आणि तिसऱ्याचे २०.१ आले. म्हणजे पुरवठादार बरोबर होता आणि विखुरलेल्या इंजेक्शनांची सरासरीसुद्धा बरोबर होती. हेच वजाबाकी केलेले उत्तर अहवालात लिहिले तर चालेल का?

जुना_विश्लेषक

स्वतःच्या खात्रीसाठी चालेल, अहवालासाठी मी तसे करणार नाही. झायलीनमधील इथाइल बेंझीनचे प्रमाण प्रत्येक पुरवठ्यात बदलते. प्रत्येक नमुना दोनदा, एकदा घालून आणि एकदा न घालता, टोचावा लागेल. इंटरनल स्टँडर्डच बदला. थिनरमध्ये जे कधीच असत नाही, टोल्युइनच्या जवळपास उकळते आणि तुमच्या कॉलमवर मोकळ्या जागी येते, असे हवे. वॅक्सवर क्लोरोबेंझीन ऑर्थो झायलीनच्याही नंतर येते. ते टोचून पाहा.

वागळे_इस्टेट

झायलीनची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, हे मान्य करतो. पण क्लोरोबेंझीन १३२ अंशांना उकळते आणि टोल्युइन ११०.६ अंशांना. तापलेल्या सुईतून आधी टोल्युइन जास्त निघून जाणार नाही का? आमच्याकडे एकाने हेक्झाडेकेन इंटरनल स्टँडर्ड म्हणून वापरले होते आणि रेशो दर इंजेक्शनला हलत होता.

ऐरोलीची_विश्लेषक

हेक्झाडेकेन २८७ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे सुईच्या आत ते मागे राहते आणि किती मागे राहिले, हे सुई किती वेळ आत होती यावर अवलंबून असते. आकारमान सारखे असूनही दोन पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात आत जातात, तेव्हा रेशो आपल्याला मदत करू शकत नाही. २० अंशांच्या फरकात हे फारसे जाणवू नये, मात्र हे मानून न चालता तपासता येते. एकाच स्टँडर्डची मुद्दाम ०.५, १.० आणि १.५ मायक्रोलिटर अशी इंजेक्शने द्या. रेशो आडव्या रेषेवर राहिला पाहिजे. कॅलिब्रेशनच्या पाच पातळ्यांपेक्षा ही तीन इंजेक्शने जास्त बोलकी असतात, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. एफआयडीवर क्लोरोबेंझीनची दाद वजनामागे टोल्युइनपेक्षा बरीच कमी असते, कारण वजनाचा मोठा हिस्सा क्लोरीनचा असतो. त्यामुळे १.०२९ हा जुना रिस्पॉन्स फॅक्टर वापरू नका, नव्याने काढा.

महापेचा_केमिस्ट

तीन दिवसांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. क्लोरोबेंझीन मागवायला आणि बिलावर सही मिळायला प्रयोगापेक्षा अधिक वेळ लागला.

आधी नुसते थिनर टोचले. क्लोरोबेंझीनच्या जागी बेसलाइन सपाट आहे. नंतर टोल्युइन ०.५ पासून ४.० मिलिग्रॅमपर्यंत पाच पातळ्यांवर घेतले, क्लोरोबेंझीन सर्वांत १.०० मिलिग्रॅम ठेवले. रेषा सरळ आहे, शून्याजवळून जाते आणि रिस्पॉन्स फॅक्टर १.४२ आला. थिनरची तीन इंजेक्शने २०.१, १९.९ आणि २०.० टक्के. अहवाल गेला.

ऐरोलीच्या ताईंनी सांगितलेली चाचणी २.०० मिलिग्रॅमच्या स्टँडर्डवर केली. ०.५ मायक्रोलिटरला क्लोरोबेंझीनचा एरिया ९७५० आणि रेशो २.८४, १.० ला १३८०० आणि २.८४, तर १.५ ला १७९०० आणि २.७७. यात मला दोन गोष्टी समजल्या नाहीत. पहिली, ०.५ च्या जागी १.० टोचल्यावर एरिया दुप्पट का झाला नाही? दुसरी, शेवटचा रेशो का उतरला?

जुना_विश्लेषक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. दर अर्ध्या मायक्रोलिटरला एरिया सुमारे ४०७५ ने वाढतो आहे. त्या हिशेबाने मागे गेलात तर दट्ट्या शून्यावर असतानाही ५६७५ एवढा एरिया उरतो, म्हणजे जवळजवळ ०.७ मायक्रोलिटर. ही तुमच्या सुईच्या आतली पोकळी आहे. दट्ट्या तळाला गेला तरी सुईत द्रव शिल्लक असतो आणि गरम इंजेक्टरमध्ये तो उकळून बाहेर पडतो. तुम्ही १ मायक्रोलिटर म्हणता तेव्हा प्रत्यक्षात १.७ जाते, आणि हा ०.७ चा भाग किती रिकामा होतो हे सुई किती वेळ आत राहिली यावर ठरते. तुमचा ७.७ टक्के आरएसडी बहुतांशी इथूनच येतो, दट्ट्यावरच्या खुणा वाचण्यातून नव्हे. द्रव घेतल्यावर दट्ट्या मागे ओढून सारा द्रव काचेत आणा, एकूण किती आहे ते वाचा, मग टोचा. परत आल्यावर पुन्हा मागे ओढून सुईत किती उरले, ते पाहा.

दुसऱ्याबद्दल माझा अंदाज लायनरचा आहे. १ मायक्रोलिटर मिथेनॉलची २५० अंशांना आणि नेहमीच्या हेड प्रेशरला अर्धा मिलिलिटरहून अधिक वाफ होते. तुम्ही १.५ म्हणता, जाते २.२. ती वाफ लायनरमध्ये मावली नसेल आणि वर सेप्टमच्या बाजूने निसटली असेल. जे लवकर वाफ होते, ते त्यात अधिक जाईल.

ऐरोलीची_विश्लेषक

मला तेवढी खात्री नाही. वाफ निसटली असती, तर क्लोरोबेंझीनही रेषेखाली आले असते. ते तर १७९०० वर रेषेतच आहे. मला टोल्युइनच्या पीकच्या इंटिग्रेशनची शंका येते. पीक मोठे झाल्यावर त्याची शेपूट कुठे कापली जाते, ते क्रोमॅटोग्राम मोठा करून पाहावे. एफआयडीच्या सिग्नलची वरची मर्यादा गाठली गेली असेल तर पीकचा माथा सपाट दिसेल.

क्यूसी_तुर्भे

आमच्याकडे ऑटोसॅम्पलर आहे आणि इंटरनल स्टँडर्ड नसतानाही एरियाचा आरएसडी ०.६ टक्क्यांच्या आत असतो. मग आम्ही हे घालावे की नाही?

जुना_विश्लेषक

पारदर्शक, पातळ द्रावणासाठी मी घातले नसते. ०.६ टक्के काढून टाकण्यासाठी पिपेटची एक पायरी वाढते आणि तिची चूक पदरात पडते.

ऐरोलीची_विश्लेषक

काका, इथे आपले जुळणार नाही. मी ऑटोसॅम्पलरवरही घालते, पण रेशोइतकेच लक्ष इंटरनल स्टँडर्डच्या स्वतःच्या एरियावर ठेवते. अमेरिकेच्या ईपीएच्या ८२६०बी या जुन्या पद्धतीत तो एरिया कॅलिब्रेशनच्या मधल्या पातळीच्या स्टँडर्डच्या निम्म्याहून खाली किंवा दुपटीहून वर गेला तर ते इंजेक्शन स्वीकारत नसत. सेप्टम गळत असेल किंवा सिरिंजची सुई अर्धवट तुंबली असेल, तर रेशो शांतपणे बरोबर उत्तर देत राहतो आणि हा एरिया तेवढा खाली सरकतो. महापेकरांच्या नमुन्यातला बिघाडसुद्धा शेवटी त्याच एरियाने दाखवला.

महापेचा_केमिस्ट

१.५ चा क्रोमॅटोग्राम मोठा करून पाहिला. माथा सपाट नाही, शेपूट मात्र सॉफ्टवेअरने जरा लवकर कापलेली दिसते. हाताने बेसलाइन ओढली तर रेशो २.८१ होतो, २.८४ होत नाही. म्हणजे दोघांचेही थोडे थोडे बरोबर असावे. सोमवारी स्प्लिट १:१०० करून आणि दट्ट्या मागे ओढून पुन्हा तीच तीन इंजेक्शने देतो आणि आकडे इथे टाकतो.